नववीचे कच्चे गणित : आधी शिकवणी, मग ॲप

पहिल्या घटक चाचणीचे पेपर घरी आले आणि गणितात वीसपैकी चार-पाच गुण दिसले, की बऱ्याच घरांत एकच वाद सुरू होतो. घरी येऊन शिकवणारे सर किंवा बाई लावायच्या, की शंका सोडवून देणाऱ्या ऑनलाइन मंचाची वर्गणी भरायची? एक बाजू फी सांगते, येण्याजाण्याच्या वेळा सांगते, चांगला शिक्षक मिळत नाही म्हणते. दुसरी बाजू मोबाइलची सवय, डोळे आणि एकाग्रता यांची काळजी करते. दोघांचे मुद्दे खरे आहेत, पण वाद चुकीच्या जागी चालला आहे. आपले काय अडले आहे ते मुलाला कळते आणि ते सांगणारा कोणीतरी मिळाला की झाले, असे दोन्ही बाजूंनी धरून चाललेले असते. गणित मुळातून कच्चे असलेल्या मुलाच्या बाबतीत नेमके हेच खरे नसते.

म्हणून आधीच स्पष्ट सांगतो. अशा मुलाला प्रथम समोर बसून त्याची वही पाहणारा माणूस हवा, तोही ठरावीक काळासाठी, साधारण तीन ते चार महिने. शंका सोडवणारे ॲप त्यानंतर यावे. हा क्रम उलटा केला तर पैसे वाचतात, पण वर्ष हातचे जाते आणि दहावीच्या बीजगणिताचे पहिलेच प्रकरण, दोन चलांतील रेषीय समीकरणे, पुन्हा तीच जुनी चूक घेऊन समोर येते. मात्र घरी येणारा शिक्षक वही न पाहता गृहपाठ सोडवून देत असेल, तर त्याच्यात आणि ॲपमध्ये काहीही फरक नाही, उलट तो महाग पडतो.

‘कच्चे’ म्हणजे काय, हे आधी पाहिले पाहिजे. असर या सर्वेक्षणाच्या 2023 च्या अहवालात ग्रामीण भागातील 14 ते 18 वयाच्या मुलामुलींना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागायला सांगितले होते. ते 43.3 टक्क्यांनाच जमले. हा भागाकार साधारण चौथीच्या पातळीचा. याचा अर्थ, नववीत बहुपदी किंवा एकसामयिक समीकरणे न येणारे मूल बहुधा बहुपदीशी अडलेले नसते. ते ऋण संख्यांच्या बेरीज-वजाबाकीशी, अपूर्णांकांच्या छेदाशी किंवा कंसाबाहेरच्या वजाच्या चिन्हाशी अडलेले असते. म्हणजे पाचवी ते सातवीत. नववीच्या पुस्तकात हे विषय पुन्हा शिकवलेले नसतात, ते येतात असे धरून पुस्तक पुढे जाते. मूल मात्र ‘मला एकसामयिक समीकरणे येत नाहीत’ असेच म्हणणार, कारण त्याला अपयश तिथे दिसते.

एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवून पाहू. नववीच्या गणित भाग 1 मधल्या दोन चलांतील रेषीय समीकरणांच्या प्रकरणाला साजेसे गणित घेऊ: y = 2x − 5 आणि 3x − 2y = 4. पहिल्यातली y ची किंमत दुसऱ्यात ठेवायची. 3x − 2(2x − 5) = 4, कंस सोडवल्यावर 3x − 4x + 10 = 4, म्हणून −x = −6, x = 6 आणि y = 7. आता तीन मुलांच्या वह्या समोर आहेत असे समजा. पहिल्याने कंस सोडवताना 3x − 4x − 10 लिहिले आणि x = −14 काढले. दुसऱ्याने 3x − 4x − 5 लिहिले आणि x = −9 काढले. तिसऱ्याने कंस अगदी बरोबर सोडवला, −x = −6 पर्यंत आला आणि शेवटी उत्तर x = −6 लिहिले.

तिघांचेही गणित चुकले, पण तिघांचे आजार वेगळे आहेत. पहिल्याला ऋण संख्येने ऋण संख्येला गुणल्यावर धन संख्या येते हे माहीत असते, पण कंसाबाहेरचा −2 हा ‘वजा’ आणि ‘दोन’ मिळून एकच गुणक आहे हे त्याला दिसत नाही. तो दोनाने गुणतो आणि आतले चिन्ह तसेच ठेवतो. दुसरा बाहेरच्या संख्येने कंसातल्या पहिल्याच पदाला गुणतो. वितरणाचा नियम त्याच्या डोक्यात अर्धाच उतरला आहे, त्यामुळे तो 3(x + 2) चेही 3x + 2 करणार. तिसऱ्याला −x म्हणजे x ची विरुद्ध संख्या हे समजलेले नाही, तो चिन्हाकडे सजावट म्हणून पाहतो. आता तिघांनीही या गणिताचा फोटो काढून मंचावर टाकला तर काय होईल? तिघांना अगदी तेच, नीटनेटके, पूर्ण बरोबर उत्तर मिळेल. प्रत्येकजण ते वाचेल, ‘हां, असे होते होय’ म्हणेल, वहीत उतरवून घेईल. दुसऱ्या दिवशी 5(x + 1) − 3(x − 2) = 17 हे गणित आले की पहिला मुलगा पुन्हा 5x + 5 − 3x − 6 लिहील आणि x = 9 काढेल. उत्तर पूर्णांकात आले, छान दिसते, म्हणून त्याला शंकाही येणार नाही. खरे उत्तर 3 आहे. शंकाच आली नाही तर ती विचारणार कुठे?

जाणता शिक्षक इथे काय करतो, हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. तो बरोबर उत्तर दाखवत नाही. तो पहिल्या मुलाला x बाजूला ठेवायला सांगतो आणि नुसत्या संख्या देतो: 10 − 2(5 − 3) किती? आधी कंसातले सोडवून कर म्हणतो. मूल 10 − 4 = 6 असे काढते. मग तो म्हणतो, आता हेच तू काल कंस सोडवलास तसे सोडव. मूल लिहिते 10 − 10 − 6, म्हणजे −6. एकाच गणिताची दोन उत्तरे, तीही स्वतःच्याच अक्षरात. आता चूक कुठेतरी आहे हे मुलाला कोणी सांगावे लागत नाही, आणि −10 नंतर +6 आले तरच मेळ बसतो हे ते स्वतः शोधते. यानंतर अशीच आठ-दहा छोटी गणिते: आधी फक्त संख्यांची, मग 7 − 2(x − 3) सारखी, मग समीकरणे. दोन दिवसांनी त्यातली तीन पुन्हा, आठवड्याने आणखी तीन. तेवढ्यावर ही चूक मोडते. दुसऱ्या आणि तिसऱ्या मुलासाठी संख्या वेगळ्या निवडाव्या लागतात. हे सगळे घडण्यासाठी चुकीची ओळ कोणीतरी पाहिलेली असावी लागते.

आता विरुद्ध बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा. शिकवणीची महती सांगताना अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांच्या 1984 च्या लेखाचा दाखला दिला जातो. एकास एक शिकवणी मिळालेला सरासरी विद्यार्थी नेहमीच्या वर्गातल्या सुमारे 98 टक्के मुलांच्या पुढे जातो, असे त्यात म्हटले होते. एवढा मोठा फरक पुढच्या अभ्यासांत टिकला नाही, हे मान्य केले पाहिजे. कर्ट व्हॅनलेन यांनी 2011 मध्ये अनेक प्रयोग एकत्र तपासले तेव्हा माणसाच्या शिकवणीचा परिणाम, मुलांचे गुण सरासरीभोवती किती पसरतात ते माप धरून, 0.79 प्रमाण विचलने इतका निघाला आणि संगणकीय शिकवणीचा 0.76. जवळजवळ बरोबरी. मग माणूस कशाला, असे कोणी विचारले तर तो प्रश्न रास्त आहे.

पण त्याच अभ्यासातली तिसरी संख्या वाचल्याशिवाय ही बरोबरी समजत नाही. 0.76 हा आकडा मुलाची प्रत्येक पायरी तपासणाऱ्या प्रणालींचा आहे: मूल ओळ लिहिते, प्रणाली ती ओळ पाहते आणि तिथेच थांबवते. केवळ अंतिम उत्तर तपासणाऱ्या प्रणालींचा परिणाम 0.31 एवढाच होता. म्हणजे फरक माणूस की यंत्र असा नव्हताच. पायरी पाहिली जाते की नाही, हा फरक होता. शंका सोडवणारे नेहमीचे मंच यात कुठे बसतात? मूल फोटो टाकते तो पुस्तकातल्या प्रश्नाचा, स्वतःच्या वहीचा नाही. मंच मुलाचे उत्तरही तपासत नाही, स्वतःचे देतो. काही ठिकाणी पलीकडे खरे शिक्षक असतात आणि ते मनापासून समजावतात, पण आजचा शिक्षक उद्या नसतो, आणि गेल्या आठवड्यात याच मुलाने कंसात हीच चूक केली होती हे त्याला ठाऊक नसते. पायरीपायरीने मुलाचे लेखन तपासणारा मंच कोणाला खरोखर मिळाला असेल, तर माझा आक्षेप बराच सौम्य होईल.

आपल्याकडे हा प्रयोग पूर्वी झालेलाही आहे, फक्त त्याला ॲप म्हणत नव्हते. गाईड! कितीतरी वर्षे प्रत्येक प्रश्नाचे सोडवलेले उत्तर देणारी पुस्तके बाजारात मिळत आली आहेत, गरिबाघरीही जुनी प्रत असते. प्रत्येक गणिताचे उत्तर हाताशी असणे एवढ्यानेच कच्चे मूल पक्के होणार असते, तर ते गाईडने केव्हाच झाले असते. गाईडचा उपयोग झाला तो बऱ्यापैकी येणाऱ्या मुलांना, ज्यांना आपली ओळ आणि छापलेली ओळ शेजारी ठेवून फरक हेरता येत होता. कच्च्या मुलांनी ते उतरवून घेतले. ॲप गाईडपेक्षा वेगवान आहे, बोलते, चित्र हलवून दाखवते, एकच भाग दहा वेळा न कंटाळता सांगते. हे सगळे गुण खरे आहेत. पण ते मिळवण्याची पात्रता, म्हणजे स्वतःची चूक हेरण्याची ताकद, हीच तर कच्च्या मुलाकडे नसते. चित्रफितींतून गणित शिकवणाऱ्या खान अकादमीची सुरुवात कशी झाली हेही इथे आठवावे. 2004 मध्ये सलमान खान दूर राहणाऱ्या आपल्या नात्यातल्या बहिणीला, नादियाला, गणित शिकवत होते. एक शिकवणारा आणि एक शिकणारी, संभाषण दोन्ही बाजूंनी. सगळ्यांसाठीच्या चित्रफिती नंतर आल्या.

दुसरा मुद्दा पैशांचा आणि चांगल्या शिक्षकाच्या टंचाईचा, आणि तो टाळता येणार नाही. तालुक्याच्या गावीही घरी येणारा गणिताचा शिक्षक सहज मिळत नाही. शिवाय शाळेतल्या शिक्षकांनी खाजगी शिकवणी करायला शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 28 ची मनाई आहे, त्यामुळे तो दरवाजाही बंद आहे. तरीही या अडचणीचा आकार आपण उगाच मोठा करतो, कारण आपल्याला एम.एस्सी. झालेले सर हवे असतात. कच्च्या मुलाचे पहिले तीन महिने सातवीपर्यंतच्या गणितावर जाणार असतात. त्याला बारावी विज्ञानची शेजारची ताई, अभियांत्रिकीला असलेला मावसभाऊ किंवा निवृत्त लिपिक असलेले आजोबाही चालतील, जर ते शांतपणे वही पाहू शकत असतील तर. 1790 च्या दशकात अँड्र्यू बेल या पाद्र्याने मद्रासच्या अनाथाश्रमात नेमके हेच केले. मलबारी पाठशाळेत मुले वाळूत अक्षरे गिरवत एकमेकांना शिकताना त्याने पाहिली आणि आपल्या शाळेत थोड्या मोठ्या मुलांना लहानांचे शिक्षक केले. 1797 मध्ये लंडनला त्याने ते छापले आणि पुढे ही पद्धत इंग्लंडभर पसरली. तिचे दोषही होते, पाठांतर आणि शिस्तीचा अतिरेक होता, पण चूक होताक्षणी ती पाहणारे कोणीतरी शेजारी बसलेले असे.

तिसरा मुद्दा लाजेचा. नववीतल्या मुलाला, विशेषतः वर्गात हसे झालेल्या मुलाला, ‘मला अपूर्णांक येत नाहीत’ हे माणसापुढे म्हणणे फार जड जाते. मोबाइल हसत नाही. हे मी पूर्णपणे मान्य करतो, आणि वाईट शिक्षक इथे खरोखर नुकसान करतो. ‘एवढे येत नाही?’ हे एक वाक्य पुढचे दोन महिने वाया घालवते, कारण त्यानंतर मूल चुकीची ओळ खोडून टाकू लागते आणि पाहण्यासारखे काही उरत नाही. पण यावरचा उपाय माणूस टाळणे हा नाही. लाज वाटते म्हणून पाचवीचे गणित लपवणारे मूल ॲपवरही पाचवीचा प्रश्न विचारत नाही, ते नववीचाच प्रश्न टाकते आणि उत्तर उतरवते. मग ते लपवलेले बाहेर कसे काढायचे? पहिल्या दिवशीच्या तपासणीने.

ती तपासणी अशी असावी. चाळीस मिनिटे, अठरा ते वीस छोटी गणिते, त्यात नववीचे एकही नाही. −3 − 5 आणि −7 + 4. (−2) × (−6). 3/4 − 2/3 आणि 2/3 ÷ 4. 0.3 × 0.2. 450 चे 20 टक्के. 3(x − 2) − 2(x − 5) हे सोपे रूप. x/3 + 2 = 5 सारखे एक-दोन समीकरण. पेनाने लिहायचे, चुकले तर एक आडवी रेघ मारायची, खोडरबर नाही. गुण द्यायचे नाहीत, गुण दिले की मूल पुन्हा लपवू लागते. नंतर चुकलेले प्रत्येक गणित त्याला काही न सांगता पुन्हा करायला द्यायचे. दुसऱ्या वेळी आपोआप बरोबर आले तर ती घाईची चूक, सोडून द्या. पुन्हा तीच चूक झाली तर तो त्याच्या डोक्यातला चुकीचा नियम आहे, आणि शिकवायचे ते हेच. 1/3 + 1/4 = 2/7 असे दोनदा लिहिणाऱ्या मुलाकडे नियम आहे, तो फक्त खोटा आहे. बहुतेक कच्च्या मुलांच्या यादीत असे चार ते सहा खोटे नियम निघतात. सगळे गणितच येत नाही असे वाटणाऱ्या मुलाला आणि घाबरलेल्या आईवडिलांना ही यादी पाहून पहिला धीर येतो, कारण ती संपणारी असते.

शिकवणी चांगली चालली आहे की नाही, हे गणित न येणाऱ्या पालकालाही ओळखता येते. दार उघडे ठेवून पेन्सिल कोणाच्या हातात आहे ते पाहा. तासातली निदान चाळीस मिनिटे ती मुलाच्या हातात असली पाहिजे. तासाची सुरुवात मागच्या चुकांच्या तीन-चार गणितांनी व्हावी, शाळेच्या गृहपाठाने नव्हे. आणि चुकांची वेगळी वही असावी: डावीकडे मुलाची चुकीची ओळ, उजवीकडे संख्या घालून ती चूक कशी सिद्ध झाली. (a + b)² = a² + b² लिहिणाऱ्याच्या वहीत उजवीकडे a = 3, b = 4 घालून 49 आणि 25 हे दोन्ही आकडे दिसले पाहिजेत. चार आठवड्यांनी तीच तपासणी संख्या बदलून पुन्हा घ्यावी. यादीतला एकही नियम सुधारला नसेल तर शिक्षक बदलावा, भीड धरू नये. शाळेच्या गुणांची वाट पाहू नये, ते दोन-तीन महिने मागून येतात.

भूमितीची गोष्ट थोडी वेगळी आहे. तिथे कच्चेपणा बहुधा हिशेबाचा नसतो. दिलेले काय आणि सिद्ध करायचे काय हे वेगळे न करता आल्याचा तो असतो, आणि आकृती स्वतः काढायला लावल्याशिवाय तो दिसत नाही.

ॲपची वेळ येते ती यादीतले निम्म्याहून अधिक नियम सुटल्यावर, म्हणजे बहुधा दिवाळीच्या सुट्टीनंतर. तेव्हा ते फार उपयोगाचे ठरते, कारण रात्री दहा वाजता कोणी सर येत नाहीत आणि आता मुलाला स्वतःची शंका शब्दांत मांडता येते. फक्त वापरण्याची रीत ठरवून द्यावी. फोटो प्रश्नाचा नाही, स्वतः केलेल्या प्रयत्नाचा टाकायचा, निदान तीन ओळींचा. प्रश्न ‘हे सोडवून द्या’ असा नाही, ‘दुसऱ्या ओळीत मी −2 ने गुणले, तिथून उत्तर का जुळत नाही?’ असा लिहायचा. उत्तर आले की पहिली न जुळणारी ओळ सापडेपर्यंतच वाचायचे, मग पडदा बंद करून पुढचे स्वतः करायचे. दुसऱ्या दिवशी त्याच जातीचे एक गणित काही न पाहता सोडवायचे. ते सुटले नाही तर शंका सुटलेली नव्हती, आणि ती चूक चुकांच्या वहीत जाते. पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडवरून दीक्षा या सरकारी मंचावर उघडणारे साहित्य मोफत आहे, विकत काही घेण्याआधी महिनाभर याच रीतीने ते वापरून पाहावे.

शिक्षक अजिबातच मिळत नसेल, अशी गावे आणि घरे आहेतच, तर ॲपवर नववीचा धडा उघडू नये. वरची तपासणी घरातल्या कोणीही घ्यावी, उत्तरे गणकयंत्रावर पडताळता येतात, अपूर्णांकांची पाचवी-सहावीच्या पुस्तकावरून. मग सापडलेल्या एकेका खोट्या नियमावर सहावी-सातवीचा तो भाग उघडून रोज अर्धा तास, आणि शेवटच्या दहा मिनिटांत मुलाने ते गणित घरातल्या कोणाला तरी मोठ्याने बोलत सोडवून दाखवायचे. ऐकणाऱ्याला गणित येत नसले तरी चालते. प्रत्येक ओळीनंतर त्याने ‘हे का केलेस?’ एवढेच विचारायचे, आणि मूल जिथे ‘असेच करतात’ म्हणेल त्या ओळीवर खूण करून ठेवायची.